शंभर अंशांस न पोचणारा उष्णतामापक

जयपूर शहराच्या वायव्येस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, मुरलीपुरा नावाची दाट वस्ती आहे. तेथे आमचे एक चुलतबंधू बरीच वर्षे राहतात. राजस्थानात हिवाळ्यात सवाई माधोपूरकडचे पेरू मुबलक येतात आणि त्या दिवसांत आमच्या वहिनी पेरूची जेली करतात. एका हिवाळ्यात त्यांनी या कामासाठी काचेचा एक उष्णतामापक विकत आणला. आत तांबडा रस, उणे १० पासून ११० अंशांपर्यंत खुणा आणि प्रत्येक अंशास एक रेघ, असा तो साधा उष्णतामापक होता. जेली १०५ अंश सेल्सिअसला उतरवावी असे पुस्तकात लिहिले होते. त्याप्रमाणे रस १०५ च्या रेघेवर आल्यावर त्यांनी पातेले उतरविले. परंतु निवल्यावर जेली इतकी चिवट झाली की चमचा उभा राहावा.

उष्णतामापकाचा दोष असेल या शंकेने वहिनींनी तो उकळत्या पाण्यात धरून पाहिला. तांबडा रस ९८ वर जाऊन थांबला तो पुढे सरकेना. पाणी शंभर अंशांस उकळते हे तर शाळेतील मूलही सांगते! तेव्हा हा उष्णतामापक दोन अंश खोटे बोलतो असे ठरवून त्यांनी दुकानातून दुसरा आणला, त्यालाही उकळत्या पाण्यात धरले आणि तो बरोबर १०० वर थांबलेला पाहून समाधान मानले. या दुसऱ्या उष्णतामापकावर १०५ अंश पाहून उतरविलेली जेली अगदी हवी तशी झाली. म्हणजे परीक्षा झाली, प्रत्यक्ष अनुभवही आला. पहिला उष्णतामापक फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात गेला.

आम्ही तेथे गेलो तेव्हा हकीकत ऐकून म्हणालो, "वहिनी, फडताळातला जास्त खरा आहे." त्यावर त्यांनी विचारले, "मग भाऊजी, जेली कशी बरी झाली?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन्ही उष्णतामापकांची बर्फात आणि वाफेत नीट परीक्षा करावी लागली. ती कशी केली आणि तिच्यातून काय निघाले, हे पुढे सांगितले आहे.

उष्णतामापकावरील खुणांना अर्थ येतो तो दोन ठरीव स्थितींमुळे. एक, वितळणाऱ्या बर्फाची. दुसरी, उकळणाऱ्या पाण्याच्या वाफेची. स्वीडनमधील ज्योतिर्विद आंदर्स सेल्सिअस याने १७४२ साली या दोन स्थितींमधील अंतराचे शंभर भाग पाडले. गमतीचा भाग असा की त्याच्या मोजपट्टीवर उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर होते. हा क्रम पुढे उलटविण्यात आला. पण त्याच वेळी त्याने एक गोष्ट स्पष्ट नोंदविली होती, आणि शालेय वाक्यातून नेमकी तीच गळून जाते. बर्फ वितळण्याची स्थिती सर्वत्र व्यवहारतः एकच राहते; पाणी उकळण्याची स्थिती मात्र हवेच्या दाबाबरोबर बदलते. म्हणून "पाणी शंभर अंशांस उकळते" या वाक्याच्या आधी "समुद्रसपाटीवर, हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असता" हे शब्द वाचावयास हवेत.

याचे कारण सोपे आहे. पाण्याच्या अंगी वाफ होण्याचा जोर असतो आणि पाणी तापेल तसा तो वाढत जातो. हा जोर वरून दाबणाऱ्या हवेच्या बरोबरीस आला की पाण्याच्या पोटातच बुडबुडे धरू लागतात. यालाच आपण उकळणे म्हणतो. उंच जागी डोक्यावरची हवा कमी असते, दाब कमी असतो, आणि त्याची बरोबरी पाणी कमी उष्णतेवरच गाठते. घरगुती हिशेबासाठी इतके लक्षात ठेवले तरी पुरे की समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीस उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो.

जयपूरची उंची सुमारे ४३० मीटर आहे. तिला ३०० ने भागले असता १.४ येतात, म्हणजे मुरलीपुऱ्यात पाणी ९८.६ अंशांच्या आसपास उकळले पाहिजे. दाबावरूनही हेच उत्तर निघते. या उंचीवर हवेचा दाब सरासरीने पाऱ्याच्या ७२२ मिलिमीटर इतका असतो. तो ७६० हून ३८ ने कमी, आणि सुमारे २७ मिलिमीटरला एक अंश असा हिशेब धरला तर पुन्हा १.४ च. ऋतूप्रमाणे यात थोडा फरक पडतो. हिवाळ्यात राजस्थानावरील हवा थंड व जड असते आणि पावसाळ्याच्या तोंडी ती हलकी होते. या दोन टोकांमध्ये येथील उत्कलनबिंदू सुमारे अर्ध्या अंशाने हलतो. आपल्या उष्णतामापकावर अर्ध्या अंशाहून बारीक वाचता येत नाही, तेव्हा वर्षभरासाठी ९८.५ हा आकडा धरून चालण्यास हरकत नाही. आम्ही तोच धरला. महाराष्ट्रातील वाचकांनी याच रीतीने आपल्या गावाचा आकडा काढावा. मुंबईस तो जवळजवळ १००, सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यास ९८ ला थोडा वर, आणि साडेतेराशे मीटरच्या आसपास असलेल्या महाबळेश्वरास साडेपंचाण्णवच्या घरात येईल.

येथे एका फसव्या जागेची सूचना दिली पाहिजे. हवामानाच्या बातमीत किंवा वर्तमानपत्रात दिलेला हवेचा दाब या हिशेबात घालू नये. गावोगावच्या दाबांची तुलना करता यावी म्हणून वेधशाळा तो समुद्रसपाटीवर आणून सांगतात. म्हणजे आपले गाव समुद्राकाठी असते तर दाब किती भरला असता, तो हा आकडा असतो. तो घेतला तर जयपुरातही उत्तर शंभराच्या जवळपास येईल आणि सगळी मेहनत फुकट जाईल.

आता बर्फाच्या परीक्षेकडे वळू. ही परीक्षा सोपी वाटते, परंतु चुका होतात त्या येथेच अधिक. बहुतेक जण पेलाभर पाण्यात बर्फाचे चार खडे टाकतात आणि त्यात उष्णतामापक बुडवितात. खडे वर तरंगतात आणि फुगा तळाशी जातो. पाणी चार अंशांच्या सुमारास सर्वांत जड असते; त्यामुळे वर बर्फ तरंगत असतानाही तळाशी दोन, तीन, चार अंशांचे पाणी निवांत साचून राहते. तेवढ्या पाण्यावरून उष्णतामापकावर खोटेपणाचा आरोप केला तर त्यात त्याचा काय अपराध?

आम्ही असे केले. शीतकपाटात गोठविलेला बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून बत्त्याने ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक कुटला, आणि रुंद तोंडाचा थर्मास त्याने काठोकाठ भरला. नंतर त्यात गार पाणी इतकेच ओतले की कणांमधल्या फटी भराव्यात, पण बर्फ तळापासून सुटून वर येऊ नये. अगदी थंड शीतकपाटातून काढलेला बर्फ शून्याच्याही बराच खाली असतो. असा कोरडा बर्फ पांढराफेक दिसतो आणि बोटाला चिकटतो. पाणी घालून ढवळल्यावर तो ओला, काचेसारखा पारदर्शक दिसू लागला म्हणजे वितळण्याची स्थिती आली असे समजावे. मग उष्णतामापक मधोमध, बाजूंना व तळाला न टेकता, दांडीवरील रेघेपर्यंत खोचला आणि दहा मिनिटे तसाच ठेवला. अधूनमधून हळूच ढवळले. वितळून साचलेले पाणी जास्त झाले तेव्हा ते ओतून नवा चुरा घातला.

बाजारातून लादीचा बर्फ आणला तर तो आधी पाण्याने धुऊन घ्यावा. बर्फाच्या कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या थंडगार पाण्यात उभे ठेवून बर्फ जमवितात. त्या खाऱ्या पाण्याचा अंश लादीच्या अंगावर राहिला असल्यास मिश्रण शून्याच्या खाली उतरते. याउलट, जयपूरच्या विहिरींचे पाणी जड असते म्हणून पुष्कळांना शंका येते, ती मात्र सोडून द्यावी. पिण्याच्या पाण्यात असणाऱ्या क्षारांनी पडणारा फरक अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंतही जात नाही.

वाचताना डोळा रसाच्या टोकाच्या अगदी समोर, त्याच पातळीत हवा. वरून पाहिले तर आकडा जास्त वाटतो, खालून पाहिले तर कमी. आमच्याकडे घरातील तिघांनी एकमेकांस न सांगता आळीपाळीने वाचून आपापले आकडे कागदावर लिहिले. फडताळातल्या उष्णतामापकाला, त्यास आपण पहिला म्हणू, तिघांनीही ०.५ दिले. दुसऱ्याने मात्र सर्वांना आश्चर्यात टाकले. उकळत्या पाण्यात बरोबर शंभर दाखविणारा तो उष्णतामापक बर्फात १.५ वर थांबून होता. चुरा बदलला, पुन्हा ढवळले, आणखी दहा मिनिटे वाट पाहिली, पण तो हलला नाही.

वाफेची परीक्षा करण्यापूर्वी कोणता उष्णतामापक उकळत्या पाण्यात घालू नये ते सांगणे अगत्याचे आहे. भिंतीवर टांगावयाचा, पन्नास अंशांपर्यंतच खुणा असलेला उष्णतामापक त्यात घातला तर आतील रसाला वाढावयास जागा उरत नाही आणि फुगा फुटतो. ताप पाहण्याच्या उष्णतामापकाची गतही तीच. आणि तो पाऱ्याचा असेल तर काचेबरोबर पाराही सांडतो, व त्याची वाफ विषारी असते. फक्त ११० अथवा त्याहून वरपर्यंत खुणा असलेल्या उष्णतामापकाचीच ही परीक्षा करावी. ती दाबाच्या कुकरमध्येही करू नये. तेथील वाफ एकशेवीस अंशांच्या आसपास असते.

फुगा पाण्यात न ठेवता पाण्याच्या वर, वाफेत ठेवणे चांगले. गुळगुळीत भांड्यातील पाणी कधीकधी उत्कलनबिंदूच्या थोडे पुढे तापते आणि मग एकदम उसळते. तळाजवळचे पाणी तर ज्वालेमुळे अधिकच तापलेले असते. वाफेचे तसे नसते. फुग्यावर वाफ जमते, तिचे थेंब होऊन ओघळतात, आणि या वाफेची उष्णता हवेच्या दाबानेच ठरते. शाळेत यासाठी दोन भोकांचे बूच बसविलेली काचेची कुपी वापरता येईल. आम्ही तुपाचा वीतभर उंचीचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्यात तीन बोटे पाणी भरले, त्याच्या झाकणाला दोन भोके पाडली, आणि एका भोकात बूच घालून त्यातून उष्णतामापक असा उतरविला की फुगा पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहावा. दुसरे भोक वाफ बाहेर जाण्यासाठी मोकळे ठेवले. ते बुजले तर आत दाब वाढून आकडा चढतो आणि झाकण उडण्याचा धोकाही असतो. मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो.

दांडीवरील रेघेचा उल्लेख वर एकदा आला आहे. उष्णतामापक किती बुडवावा हे ती रेघ सांगते. तांबडा रस उष्णतेने पाऱ्याच्या कितीतरी पट अधिक पसरतो. म्हणून दांडीतला रस गरम वाफेत आहे की बाहेरच्या गार हवेत आहे, याने फार मोठा फरक पडतो. सर्व रस वाफेत असावा या बेताने बनविलेल्या उष्णतामापकाची साठेक अंशांची दांडी बाहेर ठेवून वाचले, तर त्याचा आकडा तीन-चार अंशांनी सहज कमी येईल. आमच्या दोन्ही उष्णतामापकांवर फुग्यापासून सुमारे ७५ मिलिमीटरवर रेघ होती, म्हणून ती झाकणाच्या पातळीत येईल असे बूच सरकविले. रेघ नसलेला उष्णतामापक असेल तर साधा उपाय असा की, तो पातेल्यात ज्या खोलीपर्यंत नेहमी बुडतो तेवढाच परीक्षेच्या वेळीही बुडवावा.

पाणी खळखळून उकळू लागल्यावर आणि मोकळ्या भोकातून वाफेचा जोरदार झोत सुरू झाल्यावर पाच मिनिटे थांबलो. पहिला उष्णतामापक ९८.० वर स्थिर झाला, दुसरा १००.० वर. आच वाढविली तरी आकडे वाढले नाहीत, आणि तसेच व्हावयास हवे होते. आच वाढविल्याने वाफ जास्त होते, ती अधिक तापत नाही.

हे चार आकडे हाती आल्यावर निकाल देणे कठीण नव्हते. खरी स्थिती बर्फात ०, वाफेत ९८.५. पहिला उष्णतामापक बर्फात अर्धा अंश जास्त दाखवितो आणि वाफेत अर्धा अंश कमी. दुसरा बर्फात दीड अंश जास्त आणि वाफेतही दीडच अंश जास्त. ज्याला आपण शंभर नंबरी समजलो, तो मुरलीपुऱ्यात शंभर दाखवितो म्हणूनच खोटा!

दोघांच्या दोषांची जातही निराळी आहे. दुसऱ्याचा दोष सर्वत्र सारखाच आहे. अशा वेळी अंशांच्या खुणा बरोबर, पण त्यांची जागा सरकलेली आहे असा तर्क करावा. तो उष्णतामापक निरखून पाहिला तेव्हा हेच आढळले. त्याच्या खुणा काचेवर कोरलेल्या नव्हत्या, नळीच्या आत बसविलेल्या कागदी पट्टीवर छापलेल्या होत्या, आणि ती पट्टी खाली घसरली होती. याची दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते: कोणत्याही वाचनातून दीड वजा करावे. सर्वत्र सारखा दोष येण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे रसाचा धागा तुटणे. धाग्यात मध्येच फट पडली असेल, तर तिच्या वरचा भाग उंच दिसतो; थेंबभर रस नळीच्या अगदी टोकाशी चिकटून राहिला असेल, तर तेवढाच आकडा कमी येतो. परीक्षेपूर्वी उष्णतामापक उजेडात धरून हे पाहून घ्यावे. धागा तुटलेला असल्यास उष्णतामापक उभा धरून झटकावा किंवा मीठ घातलेल्या बर्फात बुडवून सर्व रस फुग्यात उतरू द्यावा, म्हणजे तो पुन्हा जुळतो.

पहिल्याचा दोष मात्र जागोजागी बदलतो. त्यावर बर्फापासून वाफेपर्यंत ०.५ ते ९८.०, म्हणजे ९७.५ खुणा आहेत. प्रत्यक्षात हे अंतर ९८.५ अंशांचे आहे. त्याची प्रत्येक खूण अंशाहून किंचित मोठी आहे असा याचा अर्थ. खरा आकडा काढण्यासाठी प्रथम वाचनातून बर्फातील चूक वजा करावी, मग आलेल्या संख्येस ९८.५ ने गुणून ९७.५ ने भागावे. उदाहरणार्थ, वाचन ५० असेल तर ५० मधून ०.५ गेले, राहिले ४९.५, त्याला ९८.५ ने गुणून ९७.५ ने भागले की ५०.० येतात. मध्यावर हा उष्णतामापक बरोबर आहे. हेच चौकटीच्या कागदावर अधिक सुलभ होते. आडव्या रेषेवर वाचन आणि उभ्या रेषेवर दुरुस्ती मांडावी. दुरुस्ती म्हणजे वाचनात जे मिळवावे लागते ते. बर्फाशी उणे अर्धा, वाफेशी अधिक अर्धा. हे दोन बिंदू सरळ रेघेने जोडले की कोणत्याही वाचनाची दुरुस्ती त्या रेघेवरून वाचता येते. वाचन २५ असता सुमारे पाव अंश कमी करावा, ७५ असता पाव अंश मिळवावा.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. पुस्तकातील १०५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. जेलीत साखर योग्य प्रमाणात आटली म्हणजे तिचा उत्कलनबिंदू साध्या पाण्याहून सुमारे पाच अंश वर जातो; खरी खूण या पाच अंशांची आहे. मुरलीपुऱ्यात पाणीच ९८.५ ला उकळते, म्हणून तेथे जेली १०३.५ ला उतरविली पाहिजे. खरे १०५ अंश येईपर्यंत ती चुलीवर ठेवली तर साखर फाजील आटते. पहिल्या उष्णतामापकावर १०५ वाचले गेले तेव्हा खरी उष्णता साडेपाच दशांशांनी अधिक, म्हणजे १०५.५ च्या वर होती. मुक्कामाच्या दोन अंश पुढे. जेली चिवट झाली ती त्यामुळे. दुसऱ्यावर १०५ दिसले तेव्हा खरी उष्णता दीड अंश कमी, म्हणजे बरोबर १०३.५ होती. उंचीचा हिशेब न केल्याची चूक दीड अंशाची, पट्टी घसरल्याची चूकही दीड अंशाची, आणि दोन्ही एकमेकींविरुद्ध. त्या परस्परांत विरून गेल्या व जेली चांगली झाली.

असा योगायोग जेलीच्या पातेल्यापुरताच असतो. वहिनींच्या घरी जवळच्या गोठ्यातून कच्चे दूध येते, आणि ते न उकळता ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करण्याची रीत त्यांनी नव्या उष्णतामापकावर नुकतीच सुरू केली होती. या ६३ अंशांचा पाणी उकळण्याशी काही संबंध नाही. जंतू मारण्यास लागणारी उष्णता जयपुरात आणि मुंबईत एकच. तेव्हा येथे उंचीची चूक मदतीला येत नाही, फक्त पट्टीची चूक उरते. उष्णतामापक ६३ दाखवी तेव्हा दूध ६१.५ वरच असे, आणि या रीतीत दीड अंशाची तूट चालत नाही. हे कळले तेव्हा जेलीच्या गप्पा थांबल्या आणि त्या दिवशीचे दूध निमूटपणे उकळले गेले.

या दुरुस्तीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. दोन टोके तपासून मधली रेघ सरळ मानणे म्हणजे नळीचे छिद्र सर्वत्र सारखे आहे असे मानणे होय, आणि स्वस्त उष्णतामापकात ते तसे असेलच असे नाही. म्हणून मध्येही कोठेतरी साक्ष काढावी. घरात ताप पाहण्याचा चांगला उष्णतामापक असतोच. त्याची मोजणी ३५ ते ४२ अंशांपुरती असते, पण तेवढ्यात ती बारीक असते. बादलीभर कोमट पाणी ३९ अंशांच्या सुमारास आणून, सतत ढवळत, दोन्ही एकत्र धरावेत. पाणी ४२ च्या वर मात्र असू नये. आमच्या पहिल्या उष्णतामापकाने त्या पाण्यात ३९ दाखविले आणि तापाच्या उष्णतामापकाने ३८.८, रेघेवरून निघणारी दुरुस्ती उणे एक दशांश होती. प्रत्येक अंशास एकच रेघ असलेल्या साधनाकडून याहून अधिक एकवाक्यतेची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. वाफेच्या पलीकडे १०५ पर्यंत रेघ वाढविली तर फार बिघडत नाही, पण तिच्यावर फार दूरवर विसंबू नये.

याच सिद्धांताचा उलट उपयोग करून उंची मोजता येते. ज्या उष्णतामापकाची चूक आधीच माहीत आहे, तो घेऊन एखाद्या डोंगरावर पाणी उकळावे आणि उत्कलनबिंदू किती उतरला यावरून डोंगराची उंची काढावी. कुमाऊंचे पंडित नैनसिंग रावत १८६६ साली वेष बदलून ल्हासा येथे पोचले, तेव्हा त्यांनी तेथील उंचीचा अंदाज पाणी उकळूनच बांधला होता. तिबेटात उघडपणे मोजणी करणे शक्य नव्हते. उकळणाऱ्या पाण्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही.

दोन्ही उष्णतामापक आता मुरलीपुऱ्याच्या स्वयंपाकघरात एकाच खुंटीवर आहेत. प्रत्येकाच्या दांडीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली आहे. पहिल्याच्या चिठ्ठीवर "दूध ६३, जेली १०३" असे आहे, खऱ्या १०३.५ साठी त्याच्यावर १०३ च वाचावे लागतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर "दीड वजा करणे, दूध ६४.५, जेली १०५" असे लिहून खाली परीक्षेची तारीख घातली आहे. काच वर्षानुवर्षे किंचित आवळत जाते आणि फुगा लहान झाला की सर्वच आकडे थोडे वर सरकतात; कागदी पट्टी तर केव्हाही पुन्हा घसरू शकते. हे कळण्यास वाफेचा खटाटोप दर वेळी लागत नाही, बर्फाची परीक्षा पुरते. बर्फातील आकडा जितका सरकला असेल तितकी दुरुस्ती सर्वत्र बदलावी. ती परीक्षा पुढील हिवाळ्यात पेरू येण्याआधी करावयाची, असे वहिनींनी दिनदर्शिकेवर टिपून ठेवले आहे.